निरोप समारंभातलं छोटं इंग्रजी भाषण, आधी मराठीत विचार करून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी निरोप समारंभाच्या आठवड्यात तीन-चार मुलं माझ्याकडे कागद घेऊन येतात. कागदावर इंग्रजी भाषण असतं, आणि ते वाचताना त्यांचाच चेहरा उतरलेला असतो. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण भाषण कानाने ऐकायचं असतं.

भाषण इंग्रजीत द्यायचंय, तर विचारही इंग्रजीतच का करू नये?

ज्याला घरी, बसमध्ये, भांडताना, स्वप्नातसुद्धा इंग्रजी सुचतं, त्याने जरूर करावा. बाकीच्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. इंग्रजीत विचार करायला बसलं की डोक्यात विचार येतच नाहीत, आधी ऐकलेली वाक्यं येतात. "दीज थ्री इयर्स वेअर द बेस्ट इयर्स ऑफ माय लाइफ." "धिस इज नॉट द एंड, इट इज अ न्यू बिगिनिंग." ही वाक्यं चुकीची नाहीत. पण तुमच्या आधी बोललेल्या दोघांनी ती म्हटलेली असतात आणि तुमच्या नंतरचाही म्हणणार असतो.

तुमच्या तीन वर्षांत जे घडलं ते मराठीत घडलं. सर जे बोलले ते मराठीत, मैत्रीण कानात कुजबुजली तेही मराठीत. त्या आठवणीपर्यंत इंग्रजीतून जायला गेलात तर वाटेतच अडकाल. म्हणून आधी मराठीतून तिथे जायचं, वस्तू उचलायची आणि मग ती इंग्रजीत मांडायची.

मग आधी मराठीत भाषण लिहून काढू आणि त्याचं भाषांतर करू?

नको. सगळ्यात जास्त मुलं इथेच फसतात.

मराठीत लिहायला सांगितलं की बहुतेक जण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची मराठी लिहितात. "आज या निरोपाच्या क्षणी माझे अंतःकरण जड झाले असून गुरुजनांच्या ऋणातून उतराई होणे शक्य नाही." असं वाक्य कुणाच्या मनात उमटत नाही, ते फक्त कागदावर उमटतं. त्याचं भाषांतर केलंत तर उसन्या मराठीचं उसनं इंग्रजी होईल.

मला हवी असते ती बोलण्यातली मराठी. ती मिळवायचा माझा एकच उपाय आहे. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि घरातल्या एखाद्या माणसाला कॉलेजमधला एक प्रसंग सांगा. भाषण द्यायचं नाही, नुसतं सांगायचं, "अगं, एकदा काय झालं माहितीये?" असं. आजी किंवा धाकटा भाऊ सगळ्यात चांगला श्रोता, कारण त्यांना कॉलेजातलं काही माहीत नसतं आणि ते मध्येच "म्हणजे काय?" असं विचारतात. त्यांच्या त्या प्रश्नांनीच प्रसंग स्वच्छ होत जातो. नंतर रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवा, "अगं" आणि "म्हणजे ना" यांच्यासकट. हा तुमचा कच्चा माल.

प्रसंग कोणता निवडू? माझ्या बाबतीत काही विशेष घडलेलंच नाही.

विशेष नकोच. ट्रॉफी, स्नेहसंमेलन, सहल, हे सगळ्यांचंच असतं आणि सगळ्यांना माहीत असतं. मी मुलांना तीन गोष्टी विचारते : कॉलेजात कधी रडलात, कधी खोटं बोललात, आणि कुणी तुम्हाला न मागता मदत केली. तिन्हींपैकी एकाचं तरी उत्तर दोन मिनिटांत येतंच. त्यात एक जागा, एक माणूस आणि त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य असलं की झालं. तोंडचं वाक्य आठवत नसेल तर दुसरा प्रसंग शोधा. श्रोत्यांच्या लक्षात राहतं ते तेवढंच.

छोटं म्हणजे किती छोटं?

दोन मिनिटं. मंचावर नवख्या माणसाने इंग्रजी बोलताना मिनिटाला 100 ते 120 शब्दांच्या पुढे जाऊ नये, नाहीतर शब्द एकमेकांवर आदळतात. त्यात थांबे धरले की दोन मिनिटांना 170 ते 200 इंग्रजी शब्द पुरतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मराठीतले शब्द मोजून अंदाज बांधू नका. मराठीत "प्रयोगशाळेत" हा एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे "इन द लॅब" असे तीन होतात. मराठीतला "मध्ये", "ला", "चा" शब्दाला चिकटून जातो, इंग्रजीत त्याला वेगळी खुर्ची लागते. त्यामुळे मराठीत नेमकं बसलेलं इंग्रजीत हमखास लांबतं. मराठी मजकूर सव्वाशे-दीडशे शब्दांतच थांबवा.

एखादं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

मागे रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली होती. तिच्या कागदावर पहिलं वाक्य होतं, "टुडे आय ॲम स्टँडिंग हिअर टू एक्सप्रेस माय टू वर्ड्स." मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, कॉलेजात कधी रडलीस का? ती लगेच म्हणाली, "हो, टायट्रेशनला." टायट्रेशन म्हणजे बुरेट नावाच्या नळीतून एक द्रावण थेंब थेंब दुसऱ्यात सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं, असा प्रयोग.

मग तिने सांगितलं ते असं :

"पहिलं वर्ष होतं. टायट्रेशन करत होतो. रंग फिका गुलाबी यायला पाहिजे, तर माझा दर वेळी गडद. म्हणजे मी बुरेटचा नळ जास्त सोडायचे. तीनदा तसंच झालं. बाकीच्यांची रीडिंगं लिहून झालेली. मला रडूच आलं. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांनी माझ्या हातातून काही घेतलं नाही. नुसतं म्हणाले, थेंब थेंब सोड, घाई कुणाला आहे? चौथ्यांदा आला फिका गुलाबी. आणि शेजारच्या तिघींनी मला रडताना बघितलं होतं, पण आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

हे बोलून झाल्यावर तीच म्हणाली, "पण यात आभार कुठेयत?" मी म्हटलं, सगळे यातच आहेत. सर आहेत, मैत्रिणी आहेत, आणि गडद गुलाबी पुढच्या वर्षी ज्युनियर्सनाही येणारच आहे. तिघांना देण्यासारखी एकेक गोष्ट या एका प्रयोगातून निघते.

तासाभरात जे तयार झालं ते असं :

"गुड आफ्टरनून, टीचर्स अँड फ्रेंड्स.

इन माय फर्स्ट इयर, आय क्राइड इन द केमिस्ट्री लॅब. वी वेअर डूइंग अ टायट्रेशन. द कलर शुड बी पेल पिंक. माइन वॉज डार्क पिंक. थ्री टाइम्स.

देन अवर टीचर केम अँड स्टुड बिहाइंड मी. आय थॉट ही वुड शाउट. ही डिड नॉट. ही सेड, 'ड्रॉप बाय ड्रॉप. हू इज इन अ हरी?'

द फोर्थ टाइम, इट वॉज पेल पिंक.

आय हॅव्ह हर्ड दॅट व्हॉइस मेनी टाइम्स सिन्स देन. आय हर्ड इट बिफोर एव्हरी एक्झाम. आय हर्ड इट धिस मॉर्निंग, वेन आय वॉज प्रॅक्टिसिंग धिस स्पीच.

टू अवर टीचर्स : थँक यू फॉर नॉट टेकिंग द बुरेट आउट ऑफ अवर हँड्स.

टू अवर ज्युनियर्स : युअर पिंक विल ऑल्सो बी डार्क. एव्हरीवन्स इज. वॉश द फ्लास्क अँड स्टार्ट अगेन.

टू माय क्लासमेट्स : यू स्टुड नेक्स्ट टू मी वाइल आय क्राइड, अँड यू नेव्हर टोल्ड एनीवन. टुडे आय हॅव्ह टोल्ड एव्हरीवन मायसेल्फ.

इन मराठी, वेन वी लीव्ह, वी डू नॉट से 'आय ॲम गोइंग'. वी से 'येते'. इट मीन्स 'आय ॲम कमिंग'. सो, टीचर्स, फ्रेंड्स, येते. थँक यू."

हे 170 शब्द आहेत. सगळ्यात अवघड शब्द टायट्रेशन, आणि तो तिच्या रोजच्या वापरातला.

मराठी वाक्य इंग्रजीत नेताना नेमकं कुठे अडकतं?

तीन जागा आहेत, आणि तिन्ही त्या मुलीला मसुदा करताना अडल्या होत्या.

पहिली जागा म्हणजे आपली "ऊन"ची माळ. "सर मागे येऊन, माझ्या हाताकडे बघून, हसून म्हणाले." मराठीत हे एका दमात जातं, कारण शेवटच्या "म्हणाले" वर सगळं टांगलेलं असतं. तिने लिहिलं होतं, "सर कमिंग बिहाइंड, सीइंग माय हँड, लाफिंग सेड." इंग्रजीत माळ तोडून प्रत्येक मणी वेगळा ठेवायचा : ही केम. ही लुक्ट ॲट माय हँड. ही स्माइल्ड. प्रत्येक वाक्यात कर्ता आधी, लगेच क्रियापद. मराठीत क्रियापदाची वाट बघायची आपल्याला सवय असते. इंग्रजी ऐकणारा तेवढं थांबत नाही.

याच वाक्यात अजून एक खड्डा आहे. मराठीत "हसणं" एकच. मनापासून स्मित केलं तरी हसणं, आणि फिदीफिदी केलं तरी हसणंच. "माझ्याकडे बघून हसले" याचं "ही लाफ्ट ॲट मी" केलंत तर अर्थ होतो की त्यांनी माझी टिंगल केली. बिचाऱ्या सरांनी धीर दिला होता आणि भर सभेत त्यांच्यावर टवाळीचा आरोप झाला असता! प्रेमाने हसले असतील तर "स्माइल्ड ॲट मी".

दुसरी जागा, "आपण" आणि "आम्ही". मराठीत "आपण" म्हटलं की समोरचाही आत येतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो. इंग्रजीत दोघांनाही "वी" च. निरोपाच्या भाषणात हा फरक फार महत्त्वाचा असतो, कारण सभागृहात निघणारे, राहणारे आणि शिकवणारे असे तिघंही बसलेले असतात. "वी विल मिस धिस लॅब" म्हटलंत तर ज्युनियर्स म्हणतील, आम्ही तर उद्याही इथेच आहोत. म्हणून मराठी मसुद्यात प्रत्येक "आम्ही" खाली एक रेघ आणि प्रत्येक "आपण" खाली दोन रेघा मारायच्या. एक रेघ असेल तिथे पहिल्यांदा "वी, द फायनल इयर स्टुडंट्स" म्हणा, दोन रेघा असतील तिथे "ऑल ऑफ अस इन धिस हॉल". एकदा स्पष्ट केलं की पुढे नुसतं "वी" चालतं.

तिसरी जागा जो-तोची वाक्यं. "ज्या सरांनी मला पहिल्या वर्षी थेंब थेंब सोडायला शिकवलं, त्या सरांचे मी आभार मानते." याचं एक वाक्य करायला गेलात तर मध्ये "हू", "व्हिच", "दॅट" यांची गर्दी होते आणि "थँक" शेवटी कुठेतरी लटकतो. दोन वाक्यं करा. आधी त्यांनी काय केलं ते सांगा, मग थँक यू म्हणा.

"दोन शब्द", "ऋण", "आठवण येईल" यांना इंग्रजीत काय म्हणायचं?

"दोन शब्द बोलतो" याचं "टू वर्ड्स" करू नका. इंग्रजीत "अ फ्यू वर्ड्स" म्हणतात. पण खरं सांगू? ते म्हणूच नका. बोलायला उभे राहिलात म्हणजे बोलणार आहात हे सगळ्यांना कळलेलं असतं.

"ऋण" साठी कुणी "डेट" शब्द शोधून आणतं. कानाला तो कर्जाच्या हप्त्यासारखा लागतो. मराठीत आपण ऋण म्हणतो तेव्हा मनात असतं ते एवढंच की तुमच्यामुळे मला हे जमलं. मग तेच म्हणा : "आय कॅन डू धिस बिकॉज ऑफ यू." आणि "धिस" म्हणजे काय ते एका शब्दात सांगा.

"तुमची आठवण येईल" म्हणजे "आय विल मिस यू". "आय विल रिमेंबर यू" म्हटलं तर त्यात ओढ राहत नाही, नुसतं लक्षात ठेवीन एवढंच उरतं. घाईत "आय विल मिसिंग यू" होतं, ते तेवढं जपा.

वेळेच्या बाबतीत दोन चुका इतक्या जणांच्या कागदावर असतात की मी त्या न वाचताच शोधते. "तीन वर्षांपासून" म्हणजे "फॉर थ्री इयर्स", "सिन्स थ्री इयर्स" नव्हे. "आज सकाळी" म्हणजे "धिस मॉर्निंग", "टुडे मॉर्निंग" नव्हे. "काय चुकलंमाकलं असेल तर माफ करा" याला "इफ आय हर्ट एनीवन, आय ॲम सॉरी" पुरतं. पण हे खरोखर म्हणायचं असेल तरच म्हणा. निव्वळ रीत म्हणून म्हटलं की लगेच कळतं.

मराठीत "सर आले, म्हणाले" असा आदर येतो. इंग्रजीत "ही केम" म्हणायला लाज वाटते.

सगळ्यांनाच वाटते, आणि मग कुणी "दे केम" म्हणून मोकळं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं दोन-तीन सर आले. "ही" म्हणण्यात इंग्रजीत जराही अनादर नाही. तिथे आदर क्रियापदात नसतो, तो सरांचा उल्लेख कसा करता आणि त्यांच्याबद्दल काय सांगता त्यात असतो. पहिल्यांदा "अवर टीचर" किंवा नावापुढे सर लावून उल्लेख करा, नंतर बिनधास्त "ही". त्या मुलीने सरांचं नाव घेतलं नव्हतं. सभागृहात मात्र सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

सुरुवातीला मंचावरच्या सगळ्यांची नावं घ्यायलाच हवीत का?

सूत्रसंचालकाने ती घेतलेली असतात. दोन मिनिटांतली तीस सेकंदं त्यात घालवू नका. कॉलेजात तशी सक्तच रीत असेल तर "रिस्पेक्टेड प्रिन्सिपल, टीचर्स अँड फ्रेंड्स" इतकं पुरे.

इंग्रजी भाषण देवनागरीत लिहून वाचलं तर चालेल?

चालेल. त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. पण देवनागरी कुठे फसवते ते माहीत हवं.

आपण इंग्रजीतल्या "वेन" आणि "व्हॉइस" या दोन्ही शब्दांना "व्ह" लावून लिहितो. पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये एच दिसतो म्हणून, आणि दुसऱ्याचा उच्चार वेगळा आहे म्हणून. प्रत्यक्षात दोन्ही वेगळे आहेत. "वी, वेन, वॉश" म्हणताना ओठ गोल होतात आणि दात कुठेही टेकत नाहीत. "व्हॉइस, एव्हरी, नेव्हर" म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकतात. मराठीतला "व" या दोघांच्या मधोमध आहे, त्यामुळे आपल्याला फरक ऐकूच येत नाही. म्हणून पहिल्या गटाला "व" आणि दुसऱ्या गटाला "व्ह" असं एकदा ठरवून लिहून टाका. वरच्या भाषणात मी तसंच केलं आहे.

दुसरी फसवी जागा भूतकाळाची "ईडी". "आस्क्ड"चा उच्चार आस्केड नाही, आस्क्ट. "लुक्ट", "हेल्प्ट" हेही तसेच. "वाँटेड", "स्टार्टेड" मध्ये मात्र "टेड" पूर्ण येतो. कोणता कसा म्हणायचा ते फोनवरच्या शब्दकोशात ऐका आणि कानाला ऐकू आलं तसं लिहा.

आघातही खुणेनं लिहून ठेवता येतो. टायट्रेशनमध्ये जोर "ट्रे" वर, बुरेटमध्ये "रेट" वर, केमिस्ट्रीत "के" वर. ज्या अक्षरावर जोर आहे त्याखाली ठिपका द्या.

आणि पाच-सहा वेळा म्हणूनही एखादा शब्द जिभेवर बसत नसेल तर तो काढा. त्या मुलीच्या पहिल्या मसुद्यात "फिनॉल्फ्थॅलीन" हा शब्द होता, गुलाबी रंग आणणाऱ्या रसायनाचं नाव. मैत्रिणींना बरोबर म्हणून दाखवायची तिची फार इच्छा होती. तिसऱ्या सरावात तीच हसायला लागली आणि शब्द गेला. रंग दिसला की पुरे, तो कशामुळे आला हे त्या दिवशी कुणालाच नको असतं.

पाठ करू की कागद हातात ठेवू?

पहिलं वाक्य, सरांच्या तोंडचं वाक्य आणि शेवटचं वाक्य, ही तीन पाठ करा. ती म्हणताना नजर समोर हवी. बाकीच्यासाठी तळहाताएवढं कार्ड ठेवा, त्यावर वाक्यं न लिहिता खुणेचे शब्द लिहा. त्या मुलीच्या कार्डावर लिहिलं होतं : लॅब, तीनदा, सर मागे, थेंब थेंब, फिका, आवाज, तिघांना, येते. शब्द मराठीत होते हे मुद्दाम सांगते. मराठी शब्द दिसला की डोळ्यांसमोर चित्र येतं आणि मग इंग्रजी आपोआप चालू लागतं. इंग्रजी वाक्यं लिहून ठेवली असती तर एक शब्द चुकताच ती ओळ शोधत बसली असती.

मध्येच विसरलं तर?

थांबा, कार्ड बघा, पुढच्या खुणेवर जा. मधलं एक वाक्य गळलं तर ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. "सॉरी, आय फरगॉट" म्हणून ते सगळ्यांना सांगू नका. आणि अगदीच इंग्रजी आटलं तर ते एक वाक्य मराठीत बोलून टाका आणि पुढचं परत इंग्रजीत घ्या. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ते इंग्रजीपेक्षा जास्त कळणार आहे.

बोलताना रडू आलं तर?

आवाज कुठे दाटेल ते सरावातच कळतं, दर वेळी त्याच ओळीवर दाटतो. त्या ओळीच्या आधी एक छोटं, कोरडं वाक्य घाला. वरच्या भाषणात मैत्रिणींच्या ओळीवर तिचा गळा भरून यायचा. म्हणून त्या ओळीच्या आधी फ्लास्क धुण्याचं वाक्य आणलं. ते म्हणताना ज्युनियर्स हसतात, तेवढ्यात तिला श्वास घ्यायला मिळतो.

विनोद घालावा का? शेवटी एखादी चारोळी?

विनोद प्रसंगातच असेल तर असू दे, वेगळा आणून चिकटवू नका. मराठी शाब्दिक कोटी तर इंग्रजीत नेऊच नका, तिथे ती मरते. चारोळीबद्दल माझं मत वाईट आहे. दुसऱ्याच्या ओळींनी संपवलेलं भाषण मला शेवटच्या क्षणी दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखं वाटतं.

इंग्रजी भाषणात "येते" सारखा मराठी शब्द चालतो का?

एक चालतो. तीन झाले की खिचडी होते. आणि तो एक असा हवा की ज्याला इंग्रजीत जोडच नाही, आणि तो कसा वापरतात ते लगेच पुढच्या वाक्यात सांगता येईल.

निरोपाच्या वेळी असे शब्द आपल्याकडे आहेत. निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि कुणी चुकून "जातो" म्हटलं तर आजी लगेच "येतो म्हण" म्हणून दटावते. खुद्द "निरोप" हा शब्दही गमतीचा आहे. निरोप घेणं म्हणजे जायला निघणं, आणि निरोप देणं म्हणजे जायला परवानगी देणं किंवा कुणाकडे संदेश पाठवणं. कुणाला हवं असेल तर त्यावरही शेवट बांधता येईल : "इन मराठी, निरोप मीन्स अ फेअरवेल. इट ऑल्सो मीन्स अ मेसेज. हिअर इज माय मेसेज." पण मग तो मेसेज एका वाक्यात सांगण्यासारखा असायला हवा. मुलगा असेल तर "येतो", मुलगी असेल तर "येते", आणि सगळ्या वर्गाच्या वतीने बोलत असाल तर "येतो आम्ही".

तयार झालेलं भाषण कुणाकडून तपासून घेऊ?

दोघांकडून, वेगवेगळ्या कामासाठी. इंग्रजी चांगलं असलेल्या एकाकडून फक्त चुका काढून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा की वाक्यं "छान" करायची नाहीत. नाहीतर "आय क्राइड" चं "आय वॉज ओव्हरव्हेल्म्ड विथ इमोशन्स" होऊन परत येतं. दुसरं माणूस म्हणजे तोच, ज्याला तुम्ही पहिल्यांदा प्रसंग सांगितला होता. त्याला इंग्रजी भाषण म्हणून दाखवा आणि विचारा, मी तुला सांगितलं ते हेच का? त्या मुलीने आजीला म्हणून दाखवलं. आजीला इंग्रजी येत नाही, पण "ड्रॉप बाय ड्रॉप" आलं तेव्हा ती म्हणाली, "हां, हे ते थेंबाचं."